डीटॅक ग्राउंडला बांधलेला ६८००० बोर्ड गार असताना चालतो, तापला की अडकतो

तांबट (शनिवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या बाजारात मला मोटोरोलाची ६८००० मिळाली, ८ मेगाहर्ट्झची, ६४ पायांची ती लांबलचक चिप. व्हेरोबोर्डवर तिच्याभोवती छोटा संगणक उभा करतोय. २५० नॅनोसेकंदांच्या दोन ईप्रॉम (२७सी२५६, एक सम बाइटसाठी, एक विषम बाइटसाठी), १०० नॅनोसेकंदांच्या दोन रॅम, आणि पत्ता उलगडायला ७४एलएस१३८. १३८ च्या एनेबलला एएस दिलाय.

एका सीनियरने सांगितलं की डीटॅकच्या भानगडीत पडू नको, तो पाय सरळ ग्राउंडला बांध. तसं केलं. सकाळी बोर्ड चालू केला की एलईडी लुकलुकतो. पंधरा-वीस मिनिटांनी रीसेट दाबला की हॉल्टच्या पायावर लावलेला लाल दिवा पेटतो आणि सगळं ठप्प. पंख्याखाली धरला की परत चालतो. पुस्तकात 'असिंक्रोनस बस' म्हणून आकृती आहे, पण त्याच आकृतीत वर क्लॉकही काढलाय. क्लॉक असेल तर असिंक्रोनस कसली? आणि डीटॅक कायमचा खाली असल्याने नेमकं काय बिघडतं?

घाटमाथा (शनिवार, रात्री ९.४०)

असिंक्रोनस म्हणजे स्टार्ट बिट, स्टॉप बिट वगैरे ना? दोन्हीकडचा बॉड रेट एकदा तपास. माझ्या हवामान केंद्राच्या बोर्डावर क्रिस्टल गरम झाल्यावर असंच व्हायचं, ९६०० ला कचरा अक्षरं यायची, २४०० वर आणलं तेव्हा थांबलं. क्रिस्टल बदलून बघ.

भीमथडी (शनिवार, रात्री १०.०५)

@घाटमाथा, तुम्ही सीरियल पोर्टचं सांगताय. इथे प्रश्न प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या बसचा आहे.

@तांबट, ६८००० ची बस असिंक्रोनस आहे म्हणजे तिला क्लॉकशी देणंघेणं नाही. आकृतीतला क्लॉक फक्त प्रोसेसरच्या आतल्या कामासाठी. तुझी ईप्रॉम हळू आहे, एवढाच दोष. १३८ चा एनेबल एएसवरून काढ आणि कायम चालू ठेव. एएस पत्त्याच्या बराच नंतर येतो, तेवढा वेळ फुकट जातोय. मी सीएनसी मशीनची कार्डं दुरुस्त करतो, असे बोर्ड शेकड्याने पाहिलेत.

अपर्णा_६८के (शनिवार, रात्री ११.३०)

भीमथडींनी दुखणं बरोबर ओळखलंय, ईप्रॉमला वेळ पुरत नाही. पण क्लॉकशी देणंघेणं नाही हे बरोबर नाही, आणि तांबटचा सगळा गोंधळ नेमका तिथेच आहे. मी वीस वर्षं याच चिपवरचे कंट्रोलर बनवले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी आकृती. खाली ओढलेली रेघ म्हणजे सिग्नल खाली, आणि एएस, यूडीएस, एलडीएस, डीटॅक हे चारही खाली असताना 'हो' म्हणतात.

```
         S0  S1  S2  S3  S4  S5  S6  S7  S0
CLK     /~~~\___/~~~\___/~~~\___/~~~\___/~~~
A1-A23  -----<===========================>--
R/W     ~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~~
AS      ~~~~~~~~~\___________________/~~~~~~
UDS,LDS ~~~~~~~~~\___________________/~~~~~~
DTACK   ~~~~~~~~~~~~~~~\_______________/~~~~
D0-D15  ---------------------<=========>----
```

एका क्लॉकचे दोन अर्धे, प्रत्येक अर्ध्याला एक एस. ८ मेगाहर्ट्झला क्लॉक १२५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे एक एस साडेबासष्टचा. एस-१ मध्ये प्रोसेसर पत्ता ठेवतो. एस-२ मध्ये एएस खाली ओढून म्हणतो, 'पत्ता पक्का झाला, ज्याचा असेल त्याने बघावं.' वाचनात यूडीएस आणि एलडीएस एएसबरोबरच खाली जातात, म्हणून मी त्यांना एकच आकार दिलाय. मग एस-४ संपताना, क्लॉक खाली येतो त्या कडेला, प्रोसेसर डीटॅकच्या पायाकडे बघतो. पाय खाली दिसला तर तो पुढे सरकतो आणि बरोबर एका क्लॉकनंतर, एस-६ संपताना, डेटा उचलतो. पाय वर दिसला तर एस-४ आणि एस-५ च्या मध्ये एक आख्खा क्लॉक थांबतो, त्या क्लॉकच्या उतरत्या कडेला पुन्हा बघतो, आणि दिसेपर्यंत असंच करत राहतो.

म्हणजे क्लॉक आहेच, आणि प्रोसेसर बघतो तोही क्लॉकच्या कडेलाच. असिंक्रोनस हे की चक्र किती लांबायचं ते क्लॉक ठरवत नाही, समोरची चिप ठरवते. सिंक्रोनस बसवर आधीच ठरलेलं असतं की अमुक कडेला डेटा तयार पाहिजे, मग समोरचा तयार असो वा नसो.

आता तुझा सीनियर. डीटॅक ग्राउंडला बांधला की समोरची चिप प्रत्येक वेळी, विचारायच्या आधीच, 'तयार आहे' म्हणत बसते. तू असिंक्रोनस बसची सिंक्रोनस बस करून टाकलीस. तशी ती चालते, लोक वापरतातही, पण मग वेळेचा हिशोब तुझ्या अंगावर येतो. तो करून बघू.

एस-२ सुरू झाल्यापासून मोजू. माझ्याकडच्या ८ मेगाहर्ट्झच्या डेटाशीटप्रमाणे एएस खाली यायला जास्तीत जास्त ६०. १३८ ला ४० धर. ईप्रॉमला चिप सिलेक्टपासून २५०. बेरीज ३५०. प्रोसेसर एस-६ च्या शेवटी डेटा उचलतो, म्हणजे पाच अर्ध्यांनंतर, साडेतीनशे नव्हे तर ३१२.५ ला. त्याच्याही १५ आधी डेटा स्थिर पाहिजे, म्हणजे २९७.५ ला. तुझी ईप्रॉम साडेबावन्न नॅनोसेकंद उशिरा पोचते.

मग सकाळी का चालतं? कारण हे सगळे आकडे वाईटात वाईट परिस्थितीचे आहेत. गार असताना २५० ची ईप्रॉम बरेचदा त्यापेक्षा लवकर देते. तापली की हळू होते. रीसेटनंतर प्रोसेसर पहिल्या आठ बाइटांतून, चार वाचनांत, स्टॅक पॉइंटर आणि सुरुवातीचा पत्ता घेतो. सुरुवातीच्या पत्त्याचा एक बिट चुकून तो विषम झाला की ॲड्रेस एरर, आणि रीसेटच्या कामातच तो आला की प्रोसेसर सगळं सोडून हॉल्ट खाली ओढतो. तुझा लाल दिवा बहुतेक हाच.

भीमथडी (रविवार, सकाळी ८.२०)

ताई, क्लॉकच्या कडेला बघतो हे मान्य, मी ते ढोबळ बोललो. पण मग माझा उपाय तर हिशोबात बसतो की. पत्ता एस-१ मध्येच येतो, एएस काढून टाकला तर अर्धा क्लॉक वाचतो.

अपर्णा_६८के (रविवार, सकाळी ९.०२)

बसतो का ते बघा. आता मोजणी एस-१ पासून, म्हणजे सहा अर्धे, ३७५. पत्ता पक्का व्हायला जास्तीत जास्त ७०, १३८ ला ४०, ईप्रॉमला २५०. झाले ३६०. आणि डेटा हवा ३७५ वजा १५, म्हणजे ३६० ला. एकही नॅनोसेकंद शिल्लक नाही. मध्ये एक बफर टाकला की उणे. व्हेरोबोर्डवरच्या लांब तारा तर मी धरल्याच नाहीत.

दुसरं, एएसशिवाय पत्ता बदलत असताना १३८ च्या पायांवर क्षणभर भलत्याच चिपा निवडल्या जातात. वाचनात ते एक वेळ खपतं. पण त्याच डिकोडरवर एखादी अशी चिप असेल जिचं स्टेटस वाचलं की आतला झेंडा पुसला जातो, तर तो झेंडा कुणी न वाचताच पुसला जाईल. दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर तुम्हाला ते कधीच सापडणार नाही. त्यामुळे तुमचा उपाय मोजमापात काठावर आणि वागण्यात धोक्याचा, असं माझं मत.

खडूफळा (रविवार, सकाळी १०.१५)

मी तंत्रनिकेतनात मायक्रोप्रोसेसर शिकवतो. मुलांना ८०८५ आधी समजावला तर हे लवकर उतरतं. ८०८५ ला ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की आतला क्लॉक त्याच्या निम्मा, म्हणजे एक टी-स्टेट साधारण ३२५ नॅनोसेकंदांची. मेमरी वाचन तीन टी-स्टेटचं. टी-२ मध्ये तो रेडी पाय बघतो. रेडी वर असेल तर पुढे, खाली असेल तर एक टी-वेट घालतो.

म्हणजे तिथे न बोलणारा तो तयार समजला जातो, आणि हळू चिपेला 'थांब' म्हणावं लागतं. ६८००० ला न बोलणारा तो तयार नाही असं धरलं जातं, 'झालं' म्हणावं लागतं. बाकी दोघंही क्लॉकच्या कडेलाच बघतात आणि दोघंही पूर्ण क्लॉकच्या पटीतच थांबतात. म्हणून माझ्या मते ६८००० ला असिंक्रोनस म्हणणं चूक आहे, ती अर्धसिंक्रोनस बस आहे. परीक्षेत मी तसंच लिहून घेतो.

अपर्णा_६८के (रविवार, सकाळी ११.४०)

सर, तुमचं 'थांब' आणि 'झालं' हे मला फार आवडलं, आणि त्यातून एक मोठा फरक निघतो. जिथे कुठलीच चिप नाही असा पत्ता वाचला तर ८०८५ तरंगत्या बसवरचं काहीतरी उचलतो आणि पुढे जातो. ६८००० 'झालं' ऐकू येईपर्यंत कायमचा थांबतो. म्हणून तिच्यासोबत एक टायमर ठेवतात, ठरावीक वेळात डीटॅक आला नाही की तो बीईआरआर खाली ओढतो आणि प्रोसेसरला चुकीच्या पत्त्याची बातमी मिळते. तांबटने डीटॅक ग्राउंडला बांधल्याने तीही सोय गेली.

नावाबाबत मात्र मी सहमत नाही. खरी बिनक्लॉकची बस बघायची तर १९७० च्या पीडीपी-११ ची युनिबस घ्या. तिच्यावर वाचनासाठी सामायिक क्लॉकच नव्हता. मालकाचा एमसिन, नोकराचा एसएसिन, बस. १९८१ मध्ये आलेली व्हीएमई बसही डेटा व्यवहारात अशीच, तिथे दोन डेटा स्ट्रोब आणि एक डीटॅक. आणि व्हीएमईची रचना ६८००० च्याच बसवरून निघाली. तारेवर जो संवाद चालतो तो असिंक्रोनसच आहे. ६८००० स्वतःच्या क्लॉकवर जगते म्हणून ती त्या तारेकडे टप्प्याटप्प्याने बघते, इतकंच. तारेच्या दुसऱ्या टोकाच्या कार्डाला प्रोसेसरचा क्लॉक माहीत असायची गरज पडत नाही, हे माझ्या दृष्टीने निर्णायक.

खडूफळा (रविवार, दुपारी १२.१०)

तारेकडून बघितलं तर तुमचं बरोबर. चिपेकडून बघितलं तर माझं. मी चिप शिकवतो.

तांबट (रविवार, दुपारी १.३०)

हिशोब वहीत उतरवून घेतला. ताई, एक अडलंय. आकृतीत डीटॅक आधी खाली येतोय आणि डेटा त्याच्या नंतर. 'झालं' म्हटल्यावर डेटा नसेल तर ते खोटं नाही का? आणि शेवटी डीटॅक पुन्हा वर का न्यावा लागतो? डेटा तर तोवर उचललेला असतो.

अपर्णा_६८के (रविवार, दुपारी ३.०५)

दोन्ही प्रश्न मुद्द्याचे आहेत.

पहिला. ६८००० मध्ये डीटॅकचा अर्थ 'डेटा ठेवला' असा नसून 'मी येतोय, तू ठरल्याप्रमाणे उचल' असा घेता येतो. पाय ओळखल्यापासून उचलेपर्यंत एक क्लॉक जातो, १२५. डीटॅक कडेच्या २० आधी आला पाहिजे तर तो नक्की ओळखला जातो. डेटा उचलायच्या १५ आधी हवा. १२५ मधून २० आणि १५ गेले की ९० उरतात. डेटाशीटमध्ये 'डीटॅकनंतर डेटा यायला जास्तीत जास्त ९०' असं लिहिलेलं असतं ते हेच. म्हणजे समोरच्या चिपेला प्रोसेसरचा क्लॉक दिसत नसला तरी डीटॅकनंतर ९० च्या आत डेटा द्यायचा एवढंच तिने पाळायचं. ज्याच्याकडे क्लॉक आहे आणि जो ते २० पाळतो, त्याला ९० ची अट लागू नाही, त्याने फक्त शेवटचे १५ पाळायचे. एकाच आकृतीवर दोन प्रकारे जगता येतं, हे डेटाशीटच्या तळटीपेत आहे आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत.

व्हीएमईवर ही सवलत नाही. तिथे नोकराने डेटा आधी तारेवर ठेवायचा, मगच डीटॅक ओढायचा. लांब बॅकप्लेनवर कुठलं कार्ड किती लांब आहे कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरा प्रश्न, वर का न्यावा लागतो. हात मिळवणं चार पावलांचं असतं. मालक एएस खाली आणतो, नोकर डीटॅक खाली आणतो, मालक डेटा उचलून एएस वर सोडतो, ते बघून नोकर डेटा काढून घेतो आणि डीटॅक वर सोडतो. चौथं पाऊल राहिलं तर पुढच्या चक्राला काय दिसेल? आधीच्याचं 'झालं'.

हे मी प्रत्यक्ष भोगलंय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका यंत्राच्या कंट्रोलरवर एडीसीचं एक कार्ड होतं. तापमानाचं वाचन बहुतेक वेळा बरोबर यायचं आणि मधूनच २००८१. दर वेळी तोच आकडा. हळूहळू सरकणारं तापमान असा एकच आकडा कसा दाखवेल? तीन दिवस एडीसी बदलत बसलो. मग सहकाऱ्याने तो आकडा हेक्समध्ये मांडला. ४ई७१. ही ६८००० ची 'नॉप' आज्ञा. आमच्या प्रोग्रॅममध्ये वाचनाची आज्ञा आणि लगेच पुढे नॉप होता:

```
        MOVE.W  (A0),D0
        NOP
```

६८००० पुढची आज्ञा आधीच आणून ठेवते. त्यामुळे एडीसी वाचायच्या बरोबर आधीचं बस-चक्र म्हणजे रॅममधून नॉप आणण्याचं. ते संपलं, रॅम बाजूला झाली, पण तरंगत्या डेटा तारांवर तो आकडा क्षणभर टिकून राहिला. आणि डीटॅकची तार वर चढायच्या आत पुढचं चक्र आलं. प्रोसेसरला डीटॅक खाली दिसला, एडीसीने तोंड उघडायच्या आधीच त्याने बसवरचं उचललं. उचललं ते नॉप.

कारण एका रेझिस्टरचं. आमची डीटॅकची तार ओपन कलेक्टर होती, म्हणजे कार्डं फक्त खाली ओढणार, वर न्यायचं काम पुल-अपचं. कुणीतरी तिथे १० किलोओहम लावला होता. पाच कार्डांची मिळून तारेवर १०० पिकोफॅरड धरली तर दोन व्होल्टपर्यंत चढायला अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतात. आणि वेळ किती असतो? एस-७ सुरू झाल्यापासून पुढच्या चक्राच्या एस-४ च्या शेवटापर्यंत सहा अर्धे, ३७५, त्यातून एएस वर यायला लागणारे ७० वजा. तीनशेच्या आसपास. १ किलोओहम लावला, चढाई पन्नासच्या घरात आली, २००८१ पुन्हा दिसलं नाही.

ऑसिलोस्कोपवर हे ओळखायची खूण सोपी आहे. डीटॅक खाली जाताना कडा उभी असते. वर जाताना ती फुगीर, वाकडी, टेकडीच्या चढासारखी दिसली की पुल-अप तपासायचा.

पिंपळपान (रविवार, सायंकाळी ६.५०)

अपर्णाताईंचा १० किलोओहम वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं पीसीआय कार्डं बनवली. ती पूर्ण सिंक्रोनस बस, ३३ मेगाहर्ट्झ, ३० नॅनोसेकंदांचा क्लॉक. तिथेही हात मिळवणं आहेच, मालकाचा आयआरडीवाय आणि समोरच्याचा टीआरडीवाय, पण दोन्ही फक्त चढत्या कडेलाच बघायचे. त्या कडेला दोन्ही खाली असतील तर एक शब्द गेला, नाहीतर वाट बघा.

३० नॅनोसेकंदांत पुल-अपच्या भरवशावर तार वर जाणं शक्यच नाही. म्हणून नियम असा की ज्याने टीआरडीवाय खाली ओढला त्यानेच तो सोडायच्या आधी एक क्लॉक स्वतः जोर लावून वर न्यायचा, आणि मग हात काढायचा. पुल-अप फक्त वर गेलेली तार वरच ठेवायला. म्हणजे ताईंचं चौथं पाऊल सिंक्रोनस बसवरही टळत नाही. फक्त ते किती वेळात संपवायचं हे क्लॉकने बांधून टाकलेलं असतं.

आणि 'असिंक्रोनस जुनं, सिंक्रोनस नवं' असं कुणी म्हणू नये. क्लॉक सगळ्या कार्डांना एकाच वेळी पोचवणं हे पीसीआयमधलं सगळ्यात अवघड काम होतं. त्यासाठी कार्डावरच्या क्लॉकच्या तारेची लांबीसुद्धा ठरवून दिलेली होती. व्हीएमईवाल्यांना ती चिंता नव्हती.

भीमथडी (रविवार, रात्री ८.१५)

जोर लावून वर न्यायचं हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे एक ड्राइव्हचं कार्ड पडून आहे, सुटं चालतं, रॅकमध्ये बाकीच्या कार्डांसोबत लावलं की वेडंवाकडं वाचतं. मी कनेक्टरच घासत बसलो होतो. उद्या पुल-अप बघतो.

@तांबट, एएसबद्दलचा माझा सल्ला मागे घेतो.

अपर्णा_६८के (रविवार, रात्री ९.००)

सुटं चालणारं रॅकमध्ये बिघडणं हे तारेवरची धारिता वाढल्याचं लक्षण असू शकतं, पण एकमेव नाही. आधी ऑसिलोस्कोप लावा, मग रेझिस्टर बदला.

तांबट, तुझ्यासाठी उपाय. डीटॅक ग्राउंडवरून सोडव, १ किलोओहमने ५ व्होल्टला बांध. रॅमचा हिशोब ६०, ४० आणि १००, म्हणजे २००, २९७.५ च्या खूप आत. रॅमच्या सिलेक्टवरून थेट डीटॅक ओढला तरी चालेल. ईप्रॉमसाठी एक ७४एलएस१६४ घे. इनपुट कायम वर, क्लॉकला प्रोसेसरचाच क्लॉक, आणि क्लिअरला उलटा केलेला एएस, म्हणजे एएस वर असताना रजिस्टर रिकामं. एएस खाली आल्यावर दर चढत्या कडेला एक एक घर भरतं. दुसऱ्या घराचा पाय, क्यूबी, आणि ईप्रॉमचा सिलेक्ट दोन्ही जुळले की ओपन कलेक्टर गेटने डीटॅक खाली. एक वेट स्टेट मिळाला की मर्यादा २९७.५ वरून ४२२.५ ला जाते. तुला ३५० लागतात. साडेबहात्तर हातात राहतात.

तांबट (बुधवार, रात्री १०.२०)

जोडलं. आज कॉलेजात चार तास सलग चालू होता, दर पाच मिनिटांनी रीसेट दाबला, लाल दिवा एकदाही नाही. पंखा बंद ठेवूनही.

पण लॅबच्या लॉजिक ॲनालायझरवर एक विचित्र दिसलं. ईप्रॉमच्या वाचनात कधी एक वेट स्टेट पडतो, कधी दोन. तीच चिप, तोच पत्ता, तोच प्रोग्रॅम. डीटॅक मात्र दर वेळी क्लॉकच्या त्याच जागी खाली येताना दिसतो. काही चुकलंय का?

अपर्णा_६८के (बुधवार, रात्री ११.१०)

चुकलेलं नाही, पण काठावर आहे. १६४ चढत्या कडेला बदलतो. त्याला जास्तीत जास्त २७, पुढच्या ओपन कलेक्टर गेटला २८. म्हणजे चढत्या कडेपासून ५५ पर्यंत. प्रोसेसर उतरत्या कडेला बघतो, ती साडेबासष्टला, आणि नक्की ओळखण्यासाठी त्याला २० आधी, म्हणजे साडेबेचाळीसला हवं. तुझा डीटॅक नेमका त्या २० च्या पट्ट्यात पडतोय. तिथे पडला तर प्रोसेसर तो या कडेला पकडेल किंवा पुढच्या. दोन्ही चालतं, कारण डेटा आधीच तयार आहे, फक्त एक क्लॉक जास्त जातो.

दर वेळी एकच हवा असेल तर १६४ आणि गेट दोन्ही ७४एफ किंवा ७४एसी मालिकेतले घे.

खडूफळा (गुरुवार, सकाळी ७.४५)

तांबट, ॲनालायझरवरची ती दोन चित्रं, एक वेटचं आणि दोन वेटचं, इथे टाकशील का? वर्गात दाखवीन. आणि अपर्णाताई, मी विचार केला. एकाच परिस्थितीत कधी एक, कधी दोन वेट पडतात हे ८०८५ वर रेडी क्लॉकला धरून दिला तर होत नाही. तरी नावाबाबत मी अजून माझ्याच मतावर आहे.

तांबट (गुरुवार, सकाळी ९.३०)

टाकतो सर. सोमवारी ॲनालायझर पुन्हा मिळेल, तेव्हा ७४एफ१६४ लावून तिसरं चित्रही काढतो. ताईंनी सांगितलेली डीटॅकची वर चढणारी कडाही त्याच दिवशी ऑसिलोस्कोपवर बघणार आहे, रॅमनंतर लगेच ईप्रॉमचं वाचन येईल असा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून.